येऊलालो म्हणाला, अन् मी खातं दिलं

आमच्या मराठीला लोक हसतात. हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या माणसांची मराठी म्हणजे अर्धी दख्खनी, पाव तेलुगू, अन् उरलेली नांदेड-लातूरकडची. पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या बायका माझ्याकडून भाजणी अन् पुरणपोळ्या नेतात. मी "हौ, परवा देते" म्हटलं की ओठ मुडपतात. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "काकू, तुमची मराठी किती क्यूट आहे." क्यूट म्हणे. मी तिला दोन पोळ्या कमी दिल्या असत्या, पण धंदा आहे.

हे आधी सांगायचं कारण की माझं सगळं वाटोळं या भाषेपायी झालं. लोक लालचेपायी फसतात. मी एका क्रियापदापायी फसले.

नारायणगुड्यात दोन खोल्यांच्या घरात मी अन् माझी लेक राहतो. तिचे वडील जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून भाजणी, मेतकूट, दिवाळीचा फराळ अन् श्राद्धपक्षाचा स्वयंपाक यांवर आमचं चाललंय. गिऱ्हाईक फोनवरून पैसे पाठवतं, ते माझ्या खात्यात पडतात. त्या खात्यात मी दोन वर्षं पै-पै करून एक लाख बारा हजार साठवले होते. लेकीला काउन्सेलिंगमध्ये इंजिनियरिंगची सीट लागली, तिच्या फीसाठी. फी नव्वद हजार. ठरलेल्या तारखेच्या आत ऑनलाइन भरायची, नाही भरली की सीट गेली. आमच्या घरात कुणी इंजिनियर झालेलं नाही. कुणी पदवीधरसुद्धा नाही, मी धरून.

तो माणूस त्याच उन्हाळ्यात आला. चाळिशीचा, कपाळावर बुक्का, हातात कापडी पिशवी. दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, भाजणी मिळते म्हणून ऐकलं. मी उदगीरकडून येऊलालो."

येऊलालो. 'येतोय'ला माझे वडील असंच म्हणायचे. "काय करूलालीस बाई?" असं विचारत ते घरात शिरायचे. ते गेल्यापासून हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लेक बोलते ती अर्धी इंग्रजी, पुण्याच्या बायका बोलतात ती पुस्तकातली. या माणसानं "येऊलालो" म्हटलं अन् मी त्याला आत बोलावून चहा टाकला. अनोळखी माणसाला, नाव-गाव न विचारता.

तो महिनाभर येत राहिला. भाजणी न्यायचा, रोख पैसे द्यायचा, घासाघीस करायचा नाही. दिलसुखनगरला खोली करून राहतो, कोचिंग क्लासेसना झेरॉक्सचं साहित्य पुरवतो, असं सांगायचा. गावच्या गोष्टी काढायचा, ज्वारीच्या कण्यांच्या, चुक्याच्या भाजीच्या. मी हसायची. खरं सांगते, त्या महिन्यात मी जितकी हसले तितकी मागच्या आठ वर्षांत हसले नव्हते.

एके दिवशी तो चेहरा पाडून बसला. म्हणाला, "अक्का, माझं खातं केवायसीपायी बंद पडलंय. गावाकडून भाऊ पैसे पाठवूलालाय, घेऊ कुठं? तुमच्या नंबरावर मागवू का? आले की मला रोख द्या." मी म्हटलं, त्यात काय एवढं. तीन हजार आले, मी दिले. त्यानं त्यातले दोनशे माझ्यापुढे ठेवले. मी भडकले. "आपल्या माणसाचे पैसे घेऊ का मी? उचला आधी ते." त्यानं हात जोडले अन् नोटा उचलल्या. त्या रात्री मला स्वतःचा अभिमान वाटला. आता त्या अभिमानाला जोड्यानं मारावंसं वाटतं.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, पंचेचाळीस हजार आले. "प्लॉटचं बयाण्याचं आहे अक्का, भावानं जमीन विकली." मी बँकेत जाऊन स्लिप भरली, पैसे काढले, त्याच्या हातात दिले. मंगळवारी आणखी त्रेचाळीस हजार आले. पैसे पाठवणाऱ्याचं नाव फोनवर दिसत होतं. तीन हजार आले तेव्हा भावाचं आडनाव दुसरं होतं, हे माझ्या मनात आलं होतं. आलं अन् गेलं. मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

त्याच मंगळवारी दुपारी लेकीनं कॉलेजसाठी कपडे अन् बसचा पास घ्यायला पैसे मागितले. मी तिच्या खात्यावर सहा हजार पाठवले, मग बँकेत जाऊन त्याचे त्रेचाळीस काढले. त्यानं मोजून घेतले, मेतकुटाची एक पुडी घेतली, "येतो अक्का" म्हणाला अन् गेला. तो शेवटचा.

शुक्रवारी मी गॅसवाल्याला पैसे पाठवायला गेले, जाईनात. दोनदा, तीनदा. मला वाटलं नेटवर्क. शनिवारी सकाळी बँक उघडताच गेले. काउंटरच्या मुलीनं माझा नंबर टाकला अन् माझ्याकडे बघायची तिची नजरच बदलली. तिनं मला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर तेलुगू बाई, वयानं माझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल. हिंदीत म्हणाली, "अम्मा, आपका अकाउंट फ्रीज है. सायबर पोलीस का आया है."

मी म्हटलं, कसलं सायबर, मी भाजणी विकते.

तिनं कॉम्प्युटर वळवून दाखवला. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यातल्या माणसानं तक्रार केली होती की त्याला फसवून अठ्ठ्याऐंशी हजार काढून घेतले. ते पैसे जिथं पहिल्यांदा पडले ते खातं माझं. मी समजावून सांगितलं, पैसे माझे नव्हतेच, मी त्याच दिवशी दिले. ती म्हणाली, "अम्मा, तेच तर. आले तुमच्या खात्यात, काढले तुम्ही. ज्याला दिले त्याचं नाव कुठंच नाही, सही नाही, चेक नाही. कागदावर फक्त तुम्ही आहात."

फी भरायची शेवटची तारीख बुधवार होती. मी म्हटलं, ठीक आहे, अठ्ठ्याऐंशी हजार अडकवा, पण बाकीचे तरी सोडा. ती म्हणाली की सगळं खातंच थांबवलेलं आहे, पैसे येतील पण जाणार नाहीत, अन् ते उघडणं तिच्या हातात नाही. त्या पोलीस ठाण्याचं पत्र आलं किंवा कोर्टाचा आदेश आला तरच. तिनं तक्रारीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. वाईट बाई नव्हती ती. पाणी दिलं मला.

तिथून मी इथल्या पोलिसांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी बघितली. गुन्हा तिकडचा, तपास तिकडचा, तिकडच्या अधिकाऱ्याला मेल करा, म्हणाले. त्या माणसाविरुद्ध माझी तक्रार घ्या म्हटलं तर विचारलं, नाव काय त्याचं? अण्णा, म्हटलं. पत्ता? दिलसुखनगर. दिलसुखनगरात कुठं? मला माहीत नव्हतं. महिनाभर मी त्याला अण्णा म्हणत होते. फोन नंबर दिला, तो बंद. पुढे कळलं की ते सिमही भलत्याच कुणाच्या नावावर होतं. चुक्याच्या भाजीचं नाव माहीत होतं मला, त्याचं नाही. याला अक्कल म्हणतात का?

रविवारी मी दिलसुखनगरला गेले. हॉस्टेलांच्या गल्ल्या, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे विचारत फिरले: उदगीरचा माणूस, कपाळाला बुक्का. दुकानदार म्हणायचे, "कौन उदगीर, अम्मा? यहाँ तो पूरा तेलंगणा पडा है." पाय दुखायला लागल्यावर एका क्लासच्या पायरीवर बसले. आत मुलं गणितं सोडवत होती. मला रडू आलं अन् मी ते आवरलं नाही.

सोमवारी मेल केला, लेकीनं लिहून दिला. उत्तर नाही. ठाण्यात फोन लावला, साहेब बंदोबस्ताला गेलेत. आता पैसे उभे करायचे होते. निजामाबादचा माझा भाऊ तीस हजार द्यायला तयार झाला. मंगळवारी मी त्या क्यूट म्हणणाऱ्या बाईकडे गेले. खोटं बोलणं जमेना, सगळं खरं सांगितलं. ती बिचारी खरंच कळवळली. पाकीटही काढलं तिनं. मग थांबली अन् म्हणाली, "काकू, मी माझ्या खात्यातून कॉलेजला पाठवलं, तर त्यात माझं पण खातं येईल का हो? माझा पगार येतो त्यात, होम लोन आहे." मी म्हटलं, नाही येणार. कॉलेजची फी भरल्यानं कसं येईल? पण माझ्या म्हणण्याला आता किंमत काय होती? तीन आठवड्यांपूर्वी मीच 'त्यात काय एवढं' म्हणणारी. तिनं घरात होते ते पाच हजार रोख दिले, परत नकोत म्हणाली. मला ते घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घेतले.

तीस अन् पाच, पस्तीस. बुधवारी सकाळी लेक म्हणाली, "माझ्या अकाउंटमध्ये तुझे सहा हजार अजून तसेच आहेत, ते पण धर." ती फोन घेऊन बसली. मग फोन माझ्यापुढे धरला. तिच्याही खात्यावर टाच होती, सहा हजारांची.

नव्वद काही झाले नाहीत. रात्री बारा वाजेपर्यंत ती वेबसाइट उघडून बसली होती. तारीख बदलली तशी सीट रद्द झाल्याची ओळ आली. तिनं अंथरूण घातलं अन् भिंतीकडे तोंड करून झोपली.

दहा दिवसांनी नोटीस आली. गुन्ह्याच्या तपासकामी हजर राहावे, सोबत ओळखपत्र अन् बँकेचा खातेउतारा आणावा. मी रात्रीच्या बसनं गेले. ठाण्यातला अधिकारी तरुण होता, आवाज चढवायचा नाही. मला वाटलं, मराठी माणूस आहे, समजून घेईल. बघा, अजूनही माझी खोड गेली नव्हती.

त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कमिशन किती घेतलं?"

"एक रुपयाही नाही."

"बाई, फुकटात कोण कुणाला खातं वापरू देतं?"

मी दोनशे रुपये परत केल्याचं सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही, ते दिसत होतं. म्हणाला, "शंभरातले नव्वद लोक इथं बसून हेच सांगतात, मला माहीत नव्हतं. काही खरंच निर्दोष असतात. पण ते ठरवायचं कोर्टानं. पैसे तुमच्या खात्यात आले, तुम्ही सही करून काढले, म्हणून आरोपींत पहिलं नाव तुमचं. मुख्य माणूस सापडेपर्यंत ते तसंच राहील." मी विचारलं, सापडेल का? तो म्हणाला, "तुम्ही त्याचा फोटोसुद्धा काढला नाही."

मग त्यानं बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. तक्रारदार ते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, जबाबासाठी बोलावले होते. धोतर, चष्म्याला दोरी. मी त्यांच्याकडे गेले. पाया पडावं म्हणून वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

मी म्हटलं, "मास्तर, मी चोर नाही. मलाही फसवलं. गोड बोलला तो, आपल्याकडचा वाटला."

ते म्हणाले, "मलाही फोन आला. ट्रेजरीतून बोलूलालो म्हणाला. हयातीचा दाखला राहिलाय, पेन्शन बंद पडंल मास्तर, म्हणाला. फोनवर आकडा आलाय तो सांगा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी अजून एक मागितला. मी दिले. आपल्याच भागातला पोरगा वाटला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते पैसे हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे होते."

बोलूलालो. मी त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले अन् ते थोडे सरकले. त्यांना माझ्याजवळ बसायचं नव्हतं. त्यांची काही चूक नाही. त्यांच्या लेखी त्यांना लुटणाऱ्याला फक्त एकच नाव होतं, बँकेच्या कागदावरचं, माझं.

मी अधिकाऱ्याला म्हटलं, माझे अडकलेत त्यातले अठ्ठ्याऐंशी यांना देऊन टाका. तो म्हणाला, तसं मला देता येत नाही, त्यांनी कोर्टात अर्ज करायचा, तुम्ही हरकत नाही म्हणून लिहून द्या. मी लिहून दिलं. सहा महिन्यांनी कोर्टाच्या आदेशानं मास्तरांना पैसे मिळाले. माझ्या पुरणपोळ्यांचे पैसे ते, कारण त्यांचे तर मी माझ्या हातानं देऊन बसले होते. वर जे उरलं ते वकिलानं खाल्लं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला कुणी शहाणी म्हणणार नाही. अन् पैसे परत गेले म्हणजे केस मिटली असं नाही, हेही मला त्या वकिलानंच सांगितलं.

पण निघताना त्या अधिकाऱ्यानं एक कागद दाखवला होता, तो सांगायचा राहिला. चौकोन अन् बाण होते त्यावर. पहिल्या चौकोनात मास्तर, बाण माझ्याकडे, माझ्याकडून एक बाण 'रोख काढली', अन् दुसरा बाण एका छोट्या चौकोनाकडे. सहा हजार. त्यात माझ्या लेकीचं पूर्ण नाव होतं. मी म्हटलं, ते माझे पैसे होते साहेब, मी तिला कपड्याला दिले. तो म्हणाला, "असतील. पण ते पैसे तुमच्या खात्यात पडल्यावर जे जे पुढे गेलं ते सगळं आम्हाला तपासावं लागतं. पैशावर कुणाचे ते लिहिलेलं नसतं. तिलाही नोटीस जाईल. अठरा पूर्ण आहेत ना?"

होती. तीन महिन्यांपूर्वीच झाली होती.

तिची नोटीस मराठीत आली. तिला मराठी नीट वाचता येत नाही, मी कधी शिकवलंच नाही, घरात बोलतो तेवढं पुरे म्हटलं. ती खाटेवर बसून अक्षर अक्षर लावत होती. स्वतःचं नाव तिला पटकन वाचता आलं. मग "त-पा-स-का-मी" वर अडली अन् मला विचारलं, "याचा अर्थ काय?" मी सांगितला. तिनं कागद घडी करून ठेवला अन् भांडी घासायला गेली.

तिला घेऊन मी पुन्हा त्या ठाण्यात गेले. तिनं जबाब दिला, आईनं कपड्यांना पैसे दिले. आरोपी नाही, पण तपासात नाव आहे, असं सांगून सोडलं. पुढच्या वर्षी काउन्सेलिंगला तिनं अर्जच केला नाही. कोठीच्या बाजारात एका औषधाच्या दुकानात बिलिंगला बसते, संध्याकाळी बी.कॉम. करते. मी भाजणीचे पैसे रोखच घेते, गिऱ्हाईक निम्मं झालंय. खातं उघडलं आता, पण फोन वाजला की अजून आधी नंबर वाचते, मग उचलते.

मागच्या महिन्यात तिला एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार चांगला, पुढं शिकवतात पण. मुलाखत झाली, पसंत पडली. मग त्यांनी एक फॉर्म पाठवला. आम्ही दोघी जेवायच्या जागी बसून तो भरत होतो. नाव, पत्ता, आईचं नाव, शिक्षण, सगळं भराभर झालं. मग ती थांबली. फोनचा पडदा माझ्याकडे वळवला अन् इंग्रजीत होतं ते मला मराठीत सांगितलं. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या विरुद्ध पोलीस केस किंवा तपास चालू आहे का? खाली दोन गोल होते, हो अन् नाही.

"काय करू?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. मला तो असता तर सोसला असता.

नाही वर बोट ठेव, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मग पुढं कुणी तपासलं तर खोटं बोलल्याचा डाग तिला लागला असता, अन् तो तिचा स्वतःचा असता. आत्तापर्यंतचा निदान माझा होता.

"हो वर लाव," मी म्हटलं.

तिनं लावलं, फॉर्म पाठवला, अन् ताटं उचलली. तिकडून अजून काही कळलेलं नाही. ती फोन बघायचं सोडून चार दिवस झाले. मी बघते.